मेंदूच्या शिडीची शेवटची पायरी कशी वाचायची

आमच्या घरच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात मावसभावाने एक मीम टाकलं. तो इंदूरचाच, रामबागेत वाढलेला, सध्या नोकरीनिमित्त पुण्यात. मीम म्हणजे ती प्रसिद्ध मेंदूची शिडी: उजवीकडे एकाखाली एक चित्रं, प्रत्येक चित्रात डोक्यातला मेंदू आधीपेक्षा जास्त उजळलेला, आणि डावीकडे प्रत्येक चित्राशेजारी एक ओळ. त्याच्या ओळी अशा होत्या:

१. पोह्यांवर शेव
२. पोह्यांवर शेव, शेवेवर जिरावण, जिरावणावर पुन्हा शेव
३. शेवेवर चवीपुरते पोहे
४. पुण्यात साधे पोहे समोर घेऊन त्यांवर मनातल्या मनात शेव टाकणं

दहा मिनिटांत तीन उत्तरं आली. काकांनी लिहिलं, "बेसन आणि तेल दोन्ही बाधतं, सकाळी शेव कमीच खावी." पुण्याच्या आत्याने लिहिलं, "आमच्याकडे पोह्यांवर ओला नारळ घालतात, कुणी काही मनातल्या मनात टाकत नाही." धाकट्या चुलतभावाने हसून डोळ्यांत पाणी आलेले पाच चेहरे टाकले. तिघांनीही शेवटची पायरी चुकीची वाचली होती, आणि तिघांच्या चुका वेगवेगळ्या होत्या. गेल्या दोन-तीन वर्षांत याच चुका मी इतक्यांदा पाहिल्या आहेत, की ही शिडी कोणत्या क्रमाने वाचावी हे एकदा नीट लिहून काढतो. उदाहरण हेच धरू.

## १. आधी चित्र पूर्ण उघडा

ही पायरी पोरकट वाटेल, पण निम्मे गैरसमज इथेच होतात. शिडी उभी आणि लांब असते. व्हॉट्सॲप अशा लांब चित्राचा मधलाच तुकडा दाखवतं, वरचं आणि खालचं झाकलेलं राहतं. चित्रावर बोट ठेवून ते पूर्ण उघडल्याशिवाय मत बनवू नका. काकांनी नेमकं हेच केलं होतं. त्यांना दिसल्या त्या दुसरी आणि तिसरी पायरी, म्हणजे शेवेवर शेव. पुण्याचा उल्लेख त्यांच्या नजरेस पडलाच नव्हता.

उघडल्यावर वरून खाली वाचा. एरवी शिडी खालून वर चढतात, ही वरून खाली उतरत चढते. आमच्याकडची ज्येष्ठ मंडळी सवयीने तळाची ओळ आधी वाचतात, कारण पत्रात महत्त्वाचं तळाशी, सहीच्या वर असतं. इथे तसं केलं की विनोद विझतो. चौथी ओळ आधी वाचलीत तर तो नुसता एक विचित्र माणूस वाटतो.

तपासा: तळाचं चित्र सगळ्यांत तेजस्वी आहे का? मूळ चार चित्रांत पहिलं म्हणजे कवटीत छोटासा मेंदू असलेलं, क्ष-किरणाच्या फोटोसारखं डोकं. पुढे उजेड वाढत जातो आणि शेवटी माणसाच्या आकृतीतून प्रकाशाचे झोत बाहेर पडतात. तळाचं चित्र नुसतंच उजळलेल्या मेंदूचं असेल, तर फॉरवर्ड होता होता कुणीतरी शेवट कापला आहे. अशी शिडी वाचायला घेऊ नका, पाठवणाऱ्याकडे पूर्ण मागा.

## २. चित्रांवर विश्वास ठेवू नका

चित्रांची रांग एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणते: ही ओळ आधीच्या ओळीपेक्षा शहाणी आहे. ओळी मात्र पायरीगणिक वेड्या होत जातात. विनोद या दोहोंच्या फटीत असतो. चित्र साक्षीदार आहे, पण खोटा साक्षीदार आहे, आणि तो खोटा आहे हे सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही माहीत असतं.

हे समजायला 2017 च्या सुरुवातीला गाजलेली इंग्रजी शिडी उपयोगी पडते. तिच्यात वाक्यं नव्हतीच, फक्त एकेक शब्द होता: हू, मग हूम, मग हूम्स्ट, मग हूम्स्टड. पहिले दोन खरे शब्द. 'हूम' जरा पुस्तकी, त्यामुळे तो वापरणारा शिकलेला वाटतो. तिसरा आणि चौथा इंग्रजीत नाहीतच. शब्दाला शेपूट जोडलं की विद्वत्ता वाढते असं समजणाऱ्याची ती टिंगल होती. म्हणजे खोटेपणा तिसऱ्या पायरीवर सुरू झाला, तरी चित्रं मात्र उजळतच राहिली.

आपल्या इंदुरी मराठीत हीच शिडी करायची तर अशी होईल: काका, काकासाहेब, काकासाहेबजी, श्रीमंत काकासाहेबजी भिया. 'साहेब' लावल्यावर आदर पुरा झाला होता. त्यावर हिंदीतला 'जी' आला तेव्हाच तोल गेला, आणि शेवटी होळकरांच्या दरबारापासून पोह्याच्या ठेल्यापर्यंतचं सगळं एकाच माणसाच्या डोक्यावर ठेवलं. शेवटच्या हाकेत सर्वांत जास्त आदर आहे असं चित्र सांगतं. कान सांगतात की आदर कधीच गळून पडला.

इशारा: चित्रातलं तेज पाहून ज्येष्ठ मंडळींना कॅलेंडरवरच्या देवांची प्रभावळ आठवते आणि ते हात जोडतात. एकदा आमच्या एका शेजाऱ्यांनी अशाच शिडीखाली 'ॐ शांती' लिहिलं होतं. तिथे चर्चा गाडीच्या पंक्चरची होती.

## ३. पहिली पायरी जमिनीला टेकली आहे का, ते पहा

पहिल्या पायरीकडे कुणी लक्ष देत नाही, कारण तिच्यात विनोद नसतो. पण तिच्यात नसलेला विनोद हेच तिचं काम आहे. ती वाचकाला सांगते, या शिडीच्या जगात सर्वसाधारण गोष्ट कोणती. बाकीच्या पायऱ्यांचा वेडेपणा तिच्यापासून मोजायचा.

'पोह्यांवर शेव' ही ओळ इंदुरात वाचली तर ती जमीन आहे. इथे पोहे वाफेवर ठेवलेले असतात, वर शेव पडते, जिरावण भुरभुरलं जातं, शेजारी जिलबी असते, आणि यात कुणाला काही विशेष वाटत नाही. पुण्याच्या आत्याला मात्र पहिली पायरीच चढ वाटली. तिच्या घरी जमीन म्हणजे पोह्यांवर नारळ आणि कोथिंबीर. त्यामुळे तिला शिडी 'आम्ही आणि तुम्ही' अशी दिसली आणि चौथ्या पायरीवर आपलं शहर खाली पाडलंय असं वाटलं. तिची चूक शेवटच्या पायरीवर झालीच नाही, पहिलीवर झाली.

म्हणून शिडी कुणाची आहे हे आधी ठरवा. पहिली ओळ ज्याला साधी वाटते, त्याच्या डोळ्यांनी पुढचं वाचा. ती ओळ तुम्हाला साधी वाटत नसेल तर बनवणाऱ्याला विचारा, "तुमच्याकडे असंच असतं का?" या एका प्रश्नाने आमच्याकडचा अर्धा वाद मिटला असता.

## ४. काय वाढतंय, ते एका वाक्यात लिहा

आता खरं काम. शेवटची पायरी अजून झाकून ठेवा. बोटाने झाकली तरी चालेल. उरलेल्या तीन पायऱ्या पाहून हे वाक्य पुरं करा: "दर पायरीला ___ वाढतं."

आपल्या शिडीत पहिल्यांदा सुचतं ते 'शेवेचं प्रमाण'. पहिलीत वर भुरभुरलेली, दुसरीत दोन थर, तिसरीत तर पोहेच चवीपुरते उरले. वाक्य बसलं. आता चौथी पायरी उघडा. तिथे शेव किती आहे? शून्य. पोहे साधे आहेत, शेव नुसती मनात आहे.

इथे बहुतेक जण म्हणतात, "शेवटी काहीतरी वेडंवाकडं टाकलंय, हसायचं आणि सोडायचं." धाकट्या चुलतभावाचे पाच चेहरे तेच होते. पण शेवटची पायरी तुमच्या वाक्यात बसत नसेल, तर पायरी चुकलेली नसते, बहुधा वाक्य चुकलेलं असतं. मागे जा आणि चारही पायऱ्यांना लागू पडेल असं दुसरं वाक्य शोधा.

मला जे सापडलं ते असं: दर पायरीला शेवेची ओढ वाढते. पहिलीत ती सवय आहे, दुसरीत हाव, तिसरीत वेड, आणि चौथीत शेव हाताशी नाही तरी ती टाकली जाते. आपल्याकडे मानसपूजा करतात ना, समोर मूर्ती नसताना मनातल्या मनात गंध, फूल, नैवेद्य? मावसभावाने शेवेची मानसपूजा मांडली होती. आणि मानसपूजा प्रत्यक्ष पूजेहून वरच्या दर्जाची मानतात, हे ध्यानात घेतलं की तेजोमय चित्र नेमकं त्याच ओळीशेजारी का आलं ते उलगडतं.

तपासा: तुमचं वाक्य बरोबर असेल तर कोणत्याही दोन पायऱ्यांची अदलाबदल करून पहा. क्रम मोडला पाहिजे. इथे दुसरी आणि तिसरी बदलली तर वेडाकडून हावेकडे उतरण होते, म्हणजे वाक्य टिकलं. अदलाबदलीने काही फरक पडत नसेल, तर तुमचं वाक्य अजून चुकीचं आहे, किंवा ती शिडीच नव्हे, चार सुटे विनोद एकाखाली एक लावले आहेत. तशाही पुष्कळ फिरतात. त्यांच्यात शेवटच्या पायरीला वेगळा अर्थ शोधत बसू नका.

## ५. शेवटची पायरी कोणत्या जातीची आहे, ते ओळखा

माझ्या पाहण्यात तीन जाती आल्या आहेत. सर्वांत जास्त आढळते ती फुगलेली पायरी. तिसरीपर्यंत जे वाढत होतं तेच चौथीत फुटेपर्यंत फुगवलेलं असतं. 'हूम्स्टड' आणि 'श्रीमंत काकासाहेबजी भिया' या जातीचे. ती वाचायला सोपी: बनवणारा ती ओळ मानत नाही, उलट ती मानणाऱ्यावर हसतो. इंग्रजीत 'गॅलक्सी ब्रेन' हा शब्द पुढे टोमणा म्हणूनच रुळला. अति विचार करून भलत्याच निष्कर्षाला पोहोचलेल्या माणसाला तो चिकटवतात. आपल्याकडे 'अति शहाणा त्याचा बैल रिकामा' म्हणतात तेच, फक्त बैलाऐवजी आकाशगंगा.

दुसरी जात वळणाची पायरी. वाढणारी गोष्ट अचानक नाहीशी होते किंवा उलटी फिरते, आणि ती का नाहीशी झाली यात अर्थ असतो. पोह्यांची शिडी हीच. हिच्यातला एक प्रकार असा, की शेवटची ओळ जवळपास पहिलीसारखीच साधी असते: खूप शहाणपण करून माणूस परत मूळ जागी येतो. त्याची गल्लत घंटेच्या आकाराच्या आलेखावरच्या मीमशी होते. त्यात दोन्ही टोकांचे लोक एकच साधं वाक्य बोलतात आणि मधला घाम गाळत वाद घालतो. तिथे थट्टा मधल्याची असते. शिडीत मधल्यांची खास थट्टा नसते, त्या नुसत्या वाटेतल्या पायऱ्या असतात.

तिसरी जात सर्वांत फसवी: खरी पायरी. बनवणाऱ्याचं खरं मत शेवटच्या ओळीत असतं, वेडेपणाचा बुरखा घेऊन. इंदुरात हिचं उदाहरण कचऱ्याशिवाय कुठे मिळणार? 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात आपलं शहर वर्षानुवर्षं पहिलं येत राहिलं, आणि घराघरात डब्यांचं शास्त्र तयार झालं. आमच्या गल्लीतल्या एका मुलीने केलेली शिडी:

१. ओला आणि सुका कचरा वेगळा
२. सहा प्रकारांचे सहा डबे
३. दह्याची पिशवी धुवून, वाळवून, घडी घालून डब्यात
४. दही पिशवीतून आणायचंच नाही, घरून भांडं न्यायचं

सगळे हसले, "आता पातेलं घेऊन फिरायचं का!" पण वाक्य लावून पहा: दर पायरीला कचऱ्याची काळजी वाढते. चौथीत काळजी इतकी वाढली की कचराच संपला. ओळ करून पाहण्याजोगी आहे. आपल्या आज्या तेच करत होत्या. तेजोमय चित्राने तिला हास्यास्पद ठरवलं, आणि त्या आडोशाने मुलीने हवं ते सांगून टाकलं. सरळ सांगितलं असतं तर कुणी ऐकलं नसतं, वर उपदेश केला म्हणून नाकं मुरडली असती.

फुगलेली आणि खरी या दोहोंत फरक कसा करायचा? मी एक कसोटी लावतो. शेवटची ओळ कागदावर एकटी लिहायची, चित्राशिवाय, आणि उद्या सकाळी ती करता येईल का ते पाहायचं. 'भांडं घेऊन दही आणा' करता येतं. 'श्रीमंत काकासाहेबजी भिया' अशी हाक मारता येत नाही, मारली तर काका दार लावून घेतील.

इशारा: ही कसोटीही काही वेळा फसते. 2005 साली नेथन पो याने एक निरीक्षण मांडलं, ते पुढे त्याच्या नावाने 'पोचा नियम' म्हणून ओळखलं जाऊ लागलं. त्याचा मथितार्थ असा, की थट्टा करतोय याची उघड खूण नसेल, तर टोकाच्या मताची नक्कल आणि टोकाचं खरं मत यांत वाचकाला फरक करता येत नाही. (पोचा नियम आणि पोह्यांची शिडी एकाच लेखात आली हा योगायोग, मी मुद्दाम जुळवलेला नाही.) म्हणून राजकारणाची, जातीची किंवा धर्माची शिडी अनोळखी माणसाकडून आली, तर शेवटची पायरी 'थट्टाच असणार' असं धरून पुढे पाठवू नका. पाठवणाऱ्याचं इतर बोलणं माहीत नसेल, तर निकाल न देता थांबणं हेच बरोबर वाचन आहे.

## ६. निशाणा कोणावर, ते सर्वांत शेवटी ठरवा

हा प्रश्न लोक सर्वांत आधी विचारतात, "कुणाला बोलतोय हा?" आणि तिथेच भांडण सुरू होतं. वरचे पाच भाग करून झाल्यावर त्याचं उत्तर बहुधा आपोआप मिळतं. शेवटच्या ओळीत जो माणूस ती कृती करताना दिसतो, तो कोण आहे एवढंच पाहायचं.

पोह्यांच्या शिडीत चौथ्या ओळीतला माणूस पुण्यात आहे, त्याच्या पुढ्यात साधे पोहे आहेत, आणि त्याला शेवेची सवय आहे. असा माणूस आमच्या ग्रुपवर एकच: शिडी टाकणारा स्वतः. आत्या त्या ओळीत नाही, कारण तिला शेव आठवायचं कारण नाही. काकाही नाहीत, ते इंदुरातच आहेत आणि त्यांच्या बशीत, बेसन बाधतं असं म्हणत म्हणत, रोज शेव असते. पुणं या ओळीत फक्त 'शेव नसलेलं ठिकाण' म्हणून आलंय. त्या जागी बंगळूर असतं तरी चाललं असतं.

एक ठोकताळा सांगतो, पक्का नियम नव्हे. वाढणारी गोष्ट बनवणाऱ्याच्या आवडीची असेल तर निशाणा बहुतेक वेळा तो स्वतः किंवा त्याची माणसं असतात. ती त्याच्या नावडीची असेल तर निशाणा दुसरा कुणी. शेव मावसभावाच्या आवडीची, हे त्याला लहानपणी जेवताना पाहिलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

## ७. उत्तर देताना

शिडीखाली माहिती लिहू नका. शेवेतल्या तेलाचं प्रमाण, नारळाचे गुण, पोहे पचायला हलके की जड, हे सगळं खरं असलं तरी ते पहिल्या पायरीला दिलेलं उत्तर होतं, आणि माणूस चौथीवर उभा असतो.

पाचवी पायरी जोडायचा मोह होतो. जोडायची तर चौथ्या भागात शोधलेलं वाक्य पुढे नेणारी हवी. चुलतभावाने नंतर 'शेवेच्या टाकीत पोहणं' अशी पाचवी जोडली. ती शेवेचं प्रमाण वाढवते, ओढ नाही, म्हणून वर जायच्या ऐवजी ती दुसरीच्या शेजारी जाऊन बसली आणि कुणी हसलं नाही. फुगलेल्या जातीच्या शिडीला पाचवी पायरी सहज लागते. वळणाच्या शिडीला सहसा लागत नाही, कारण वळण एकदाच घेता येतं.

अर्थ समजावून सांगायचा असेल तर ग्रुपवर नको, ज्याला समजला नाही त्याला फोन करा. मी आत्याला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग सरळ लिहायचं ना, घरची आठवण येते म्हणून." मी म्हटलं, "आत्या, तो सरळ लिहिणारा असता तर मेंदूची चित्रं कशाला लावली असती?" त्यावर तिने त्याला रविवारी जेवायला बोलावलं, पोहे सोडून काहीही करीन या अटीवर.

मावशीने, म्हणजे त्याच्या आईने, ग्रुपवर एक शब्दही लिहिला नव्हता. तिने ती ओळ वाचली त्याच संध्याकाळी रात्रीच्या बसने अर्धा किलो शेव पुण्याला रवाना केली. जिरावण मात्र विसरली.